जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ

मुलाच्या मानेला गाठ लागली की घरात आधी टीबीचं नाव निघतं आणि मग, जरा दबक्या आवाजात, कॅन्सरचं. आजी तोवर रक्तचंदन उगाळायला बसलेली असते. खरं तर लहान मुलांच्या मानेत हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी या दोन्हींपैकी काहीच नसतात. सर्दी, दुखरा घसा, किडलेली दाढ, उवांमुळे खाजवून डोक्यात झालेल्या पुळ्या, अशा कशाने तरी मानेतल्या लसिका ग्रंथी सुजतात, वाटाण्याएवढ्या होतात आणि मूळ कारण गेलं की काही आठवड्यांत ओसरतात.

हा लेख त्यातून उरलेल्या दोन गाठींचा आहे. एक गळ्याच्या बरोबर मधोमध येते, तिला डॉक्टर थायरोग्लॉसल सिस्ट म्हणतात. दुसरी जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या एका बाजूला येते, ती ब्रँकियल सिस्ट. दोन्ही म्हणजे आत द्रव साचलेल्या पिशव्या. दोन्हींचं बीज बाळ आईच्या पोटात असताना पडलेलं असतं. दोन्ही बरीच वर्षं गप्प बसतात आणि एखाद्या सर्दीनंतर चार दिवसांत फुगून वर येतात. त्यामुळे त्यांची गल्लत होते, आणि दोघींची गल्लत साध्या गळवाशीही होते. पण एकीसाठी घशातल्या हाडाचा तुकडा काढावा लागतो, दुसरीसाठी तसं काही करावं लागत नाही. एकीत चूक झाली तर मूल आयुष्यभर गोळीवर राहू शकतं, दुसरीत चूक झाली तर कॅन्सर नजरेतून निसटू शकतो. म्हणून गाठ कोणती हे आधी ठरवावं लागतं, आणि ते बरंचसं डोळ्यांनी आणि बोटांनीच ठरतं.

नमुन्यादाखल पाच-सहा वर्षांची एक मुलगी घेऊ. अशा मुली कान-नाक-घशाच्या कुठल्याही ओपीडीत येतात. पावसाळ्यात तिला सर्दी-खोकला झाला आणि हनुवटीखाली, गळ्याच्या मध्यावर, बोराएवढी लालसर गाठ आली. हात लावला की ती रडायची. अँटिबायोटिकने सूज उतरली, पण आत वाटाण्याएवढं काहीतरी राहिलं. दिवाळीच्या सुमारास पुन्हा तेच. या वेळी गाठ मोठी झाली, त्वचा लाल आणि चकचकीत झाली, कुणीतरी गळू समजून चीर दिली आणि पू निघाला. सगळ्यांना हायसं वाटलं. पण ती जखम पूर्ण भरलीच नाही. मध्यावर टाचणीच्या टोकाएवढं भोक राहिलं आणि त्यातून अधूनमधून चिकट, पाण्यासारखा स्राव येऊन फ्रॉकची गळपट्टी ओली होऊ लागली.

डॉक्टरांनी तिला समोर बसवलं, गाठ अंगठा आणि तर्जनीत हलकेच धरली आणि सांगितलं, “आ कर. आता कालीमाता कशी करते, तशी जीभ बाहेर काढ बघू.” मुलीने जीभ बाहेर काढली आणि बोटांतली गाठ वर ओढली गेली. निम्मं निदान तिथेच झालं.

गाठ वर का सरकली, हे समजून घ्यायचं तर गर्भाच्या चौथ्या आठवड्यात जावं लागतं. थायरॉइड ग्रंथी आपण गळ्याच्या तळाशी, श्वासनलिकेसमोर पाहतो, पण ती तिथे जन्मत नाही. तिची सुरुवात जिभेच्या मुळाशी होते. जिभेच्या पुढच्या दोन तृतीयांश आणि मागच्या एक तृतीयांश भागांच्या सीमेवर, बरोबर मध्यरेषेत, एक छोटा खळगा मोठ्या माणसातही राहतो. तेच थायरॉइडचं जन्मस्थान. तिथून ती खाली उतरू लागते आणि साधारण सातव्या आठवड्यापर्यंत आपल्या जागी पोचते. उतरताना जन्मस्थानाशी तिचा संबंध एका बारीक नळीने टिकलेला असतो. ग्रंथी पोचली की नळीचं काम संपतं आणि दहाव्या आठवड्याच्या आसपास ती विरून जाते. विरली नाही, किंवा मध्येच तिचा एखादा तुकडा राहिला, तर त्या तुकड्याच्या आतल्या अस्तरातून स्राव पाझरत राहतो आणि पुढे कधीतरी त्याची पिशवी होते.

या वाटेवर एक हाड आहे. हनुवटी आणि कंठमणी यांच्या मध्ये बोटांनी चाचपलं तर ते लागतं. त्याला हायॉइड म्हणतात. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचं हे हाड शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला जोडलेलं नाही, ते स्नायूंवर आणि दोऱ्यांसारख्या बंधांवर तरंगतं. जिभेचे स्नायू याच हाडावर टेकलेले असतात. थायरॉइडची नळी खाली उतरताना या हाडाच्या अगदी समोरून जाते, खालच्या कडेला वळसा घालून त्याच्या मागेही शिरते, आणि हाड घडतानाच हे सगळं चाललेलं असल्यामुळे नळीचे धागे हाडाला घट्ट चिकटलेले असतात, कधी त्याच्या आतूनही जातात. जीभ बाहेर आली की हायॉइड वर आणि पुढे ओढलं जातं, आणि त्याला बांधलेली गाठ त्याच्याबरोबर जाते. बहुतेक गाठी हायॉइडच्या पातळीवर किंवा त्याच्या जरा खाली सापडतात, तेही याच कारणाने.

घोट गिळायला लावूनही गाठ तपासतात, पण त्या खुणेवर एकट्या विसंबता येत नाही. गिळताना थायरॉइड ग्रंथीही वर जाते, त्यामुळे थायरॉइडमधली साधी गाठसुद्धा गिळताना हलते. जिभेची खूण जास्त बोलकी आहे. ती नीट घ्यायची तर आधी तोंड उघडून खालचा जबडा स्थिर ठेवावा लागतो आणि मगच जीभ काढायला सांगावी लागते, नाहीतर जबड्याबरोबर गळ्याची सगळी कातडीच हलते आणि फसगत होते. अर्थात ही खूण शंभर टक्के खरी नाही. गाठ पिकून आजूबाजूला चिकटली असेल, मूल रडत असेल, किंवा गाठ वाटेच्या अगदी शेवटी, छातीच्या हाडाजवळ असेल, तर हालचाल जाणवत नाही. उलट हनुवटीखाली मध्यरेषेतच येणारी डर्मॉइड नावाची एक जन्मजात गाठ असते. ती त्वचेच्या तुकड्यांपासून बनते, हाताला कणकेसारखी लागते आणि सहसा जिभेबरोबर हलत नाही. पण तीही कधी हायॉइडला चिकटलेली असते आणि मग डॉक्टरही चकतात. जागेबाबतही थोडी सूट ठेवावी लागते. काही थायरोग्लॉसल गाठी कंठमण्यापाशी आल्या की मध्यावरून जरा बाजूला, जास्त करून डावीकडे, कलतात. पण ते बाजूला सरकणं बोट-दीड बोटाचं, जबड्याच्या कोनापर्यंतचं नव्हे.

आता त्या मुलीच्या गळ्यावर राहिलेल्या भोकाकडे येऊ. थायरोग्लॉसल गाठीला जन्मतः त्वचेत तोंड नसतं. या नळीचा त्वचेशी कधी संबंधच आलेला नसतो. भोक दिसलं तर दोनच शक्यता: गाठ पिकून आपोआप फुटली, किंवा कुणीतरी तिला चीर दिली. पिकण्याचं कारण वरच्या टोकाला आहे. जिभेच्या मुळाच्या खळग्यातून लाळेतले जंतू खाली शिरू शकतात, म्हणूनच सर्दी-घशाच्या आजारात ही गाठ पेटते. चीर देऊन पू काढला तरी अस्तर आत शाबूत राहतं, स्राव चालू राहतो आणि त्याला आता बाहेर पडायला आयतं दार मिळतं. शिवाय आतले पदर एकमेकांना चिकटून जातात, आणि पुढचं खरं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. म्हणून गाठ पिकली असेल तर आधी अँटिबायोटिक, फारच तट्ट फुगली तर सुईने पू ओढून घेणं, आणि सूज पूर्ण बसल्यावर काही आठवड्यांनी ऑपरेशन, असा क्रम ठेवतात. श्वासाला अडथळा किंवा जवळजवळ फुटायला आलेलं गळू असेल तर चीर टळत नाही, तेही खरं.

ऑपरेशनआधी मुलीची सोनोग्राफी झाली. मला इथे पालकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण रिपोर्टमध्ये गाठीचं माप वाचून सगळे थांबतात. तिचा आकार दीड सेंटिमीटर की दोन, याने फारसा फरक पडत नाही. रिपोर्टमधलं महत्त्वाचं वाक्य दुसरंच असतं: थायरॉइड ग्रंथी तिच्या नेहमीच्या जागी, दोन्ही बाजूंना, नीट दिसते का? क्वचित एखाद्या मुलात थायरॉइड खाली उतरलेलीच नसते, वाटेत अडकून पडते आणि मध्यावरची ‘गाठ’ म्हणजे त्या मुलाची एकमेव थायरॉइड असते. सिस्ट समजून ती काढली, तर शरीरात थायरॉइडचं संप्रेरक बनवणारं काहीच उरत नाही, आणि त्या मुलाला जन्मभर रोज थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. ती वेळेवर सुरू झाली नाही तर उंची आणि बुद्धीची वाढ दोन्ही मागे पडतात. सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर दिसली नाही तर रक्तातला टीएसएच तपासतात आणि किरणोत्सर्गी टेक्नेशियम देऊन थायरॉइडचा स्कॅन करतात. त्यात कुठे काम करणारी ग्रंथी आहे ते उजळून दिसतं. आपल्या मुलीची ग्रंथी जागेवर होती. गाठ हायॉइडच्या लगेच खाली, आत गढूळ द्रव.

नुसती पिशवी सोलून काढली तर काय होतं? शल्यविशारदांनी बराच काळ तेच केलं, आणि जवळजवळ निम्म्या रुग्णांत गाठ परत आली. 1893 मध्ये श्लांगे या जर्मन सर्जनने हायॉइडचा मधला भागही काढावा असं सुचवलं. त्याने पुन्हा गाठ येण्याचं प्रमाण कमी झालं, पण संपलं नाही. 1920 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या वॉल्टर सिस्ट्रंक यांनी कारण नेमकं पकडलं. हायॉइड आणि जिभेचं मूळ यांच्यामधली नळी ही एकच सरळ नळी नसते, तिला स्नायूंत पसरलेल्या बारीक फांद्या असतात आणि त्या उघड्या डोळ्यांना दिसत नाहीत. दिसत नाहीत त्या वेचून काढता येणार नाहीत. म्हणून त्यांनी गाठ, हायॉइडचा मधला तुकडा आणि तिथून जिभेच्या खळग्यापर्यंत नळीभोवतालच्या स्नायूंचा एक दंडगोल, हे सगळं एकसंध काढायला सुरुवात केली. आज शंभर वर्षांनंतरही हीच शस्त्रक्रिया चालते आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती नीट झाली तर गाठ परतण्याचं प्रमाण शंभरात साधारण तीन ते पाच इतकं खाली येतं. आधी पिकलेल्या किंवा चीर दिलेल्या गाठींत ते थोडं जास्त असतं.

“हाड काढणार?” हे ऐकून आईवडील दचकतात, आणि ते साहजिक आहे. मुलगी बोलेल का, गिळेल का, हा पहिला प्रश्न. काढायचा तुकडा लहान मुलात जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो. हायॉइड दुसऱ्या कुठल्या हाडाचा आधार नसल्याने मधला भाग गेला तरी दोन्ही बाजूंच्या शिंगांवरचे स्नायू आपापल्या जागी राहतात, आणि बोलणं, गिळणं पूर्ववत चालतं. चार-पाच दिवस गिळताना दुखतं, एवढंच. ऑपरेशनमधली खरी जोखीम निराळी आहे. लहान मुलांत हायॉइड कंठाच्या कूर्चेवर जवळजवळ टेकलेलं असतं. सर्जनने तीच कूर्चा हायॉइड समजून कापली तर श्वासमार्गच उघडतो आणि आवाजाला कायमची इजा होऊ शकते. अनुभवी हात इथे हाड दोन्ही कडांनी चाचपून खात्री झाल्याशिवाय कात्री लावत नाही.

मुलीचं ऑपरेशन पूर्ण भूल देऊन, खांद्याखाली घडी ठेवून मान मागे झुकवून झालं. गळ्याच्या वळीतच आडवी चीर घेतली, जुन्या भोकाभोवतालची त्वचा सोबत काढली. साचणारं रक्त-पाणी बाहेर यावं म्हणून एक छोटी नळी दुसऱ्या दिवशीपर्यंत ठेवली. संध्याकाळी तिने पाणी आणि आइस्क्रीम मागून घेतलं. काढलेला सगळा भाग पॅथॉलॉजीला गेला. तो पाठवायलाच हवा, कारण अशा गाठीत थायरॉइडच्या पेशी असू शकतात आणि शंभरात साधारण एका गाठीत, तेही जवळजवळ नेहमी मोठ्या माणसांत, पॅपिलरी प्रकारचा थायरॉइड कॅन्सर निघतो.

दुसरी गाठ वेगळ्या वयात भेटते. समजा बावीस-तेवीस वर्षांचा कॉलेजचा मुलगा. घसा दुखून चार दिवस ताप आला आणि आरशात दाढी करताना डाव्या जबड्याच्या कोनाखाली लिंबाएवढा फुगवटा दिसला. दुखत नाही, मान वळवायला त्रास नाही. तापाबरोबर तो थोडा कमी झाला, पण गेला नाही. मान उजवीकडे वळवली की कानामागून छातीच्या हाडाकडे तिरका जाणारा जाड स्नायू उठून दिसतो. त्या स्नायूच्या पुढच्या कडेखालून, वरच्या एक तृतीयांश भागाच्या आसपास, ही गाठ डोकावते. जीभ बाहेर काढा, हलत नाही. घोट गिळा, हलत नाही. दाबली तर मऊ, आतला द्रव बोटांखाली इकडून तिकडे जातो.

तिचा उगम त्याच सुमारास, चौथ्या-पाचव्या आठवड्यात होतो. त्या वेळी गर्भाच्या मानेच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक कमानी आणि त्यांच्यामध्ये खाचा असतात. माशांत याच जागी पुढे कल्ले होतात. माणसाच्या गर्भाला कल्ले कधीच नसतात, आपल्याकडे या कमानींपासून जबडा, कानातली छोटी हाडं, हायॉइड आणि कंठाच्या कूर्चा बनतात. दुसरी कमान भराभर खाली वाढते आणि तिच्याखालच्या खाचांवर पडदा ओढल्यासारखी येते. खाचा झाकल्या गेल्या की आत एक छोटी पोकळी उरते आणि ती काही दिवसांत बुजते. ती पूर्ण बुजली नाही तर तिथे राहिलेल्या अस्तराची पिशवी होते. ब्रँकियल दोषांतले बहुसंख्य याच दुसऱ्या कमानीचे असतात, म्हणून गाठीची जागाही जवळजवळ ठरलेली.

मात्र ही कथा जितकी नेटकी सांगितली जाते तितकी सगळ्यांना मान्य नाही. गोष्ट जन्माआधीची, तर गाठ विशीत-तिशीत का दिसावी? 1959 मध्ये भास्कर आणि बर्नियर या दोन संशोधकांनी 468 गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि त्यांच्या भिंतीत लसिका ग्रंथींसारखी ऊती जवळजवळ सगळीकडे सापडली. त्यावरून त्यांनी मांडलं, की घशाच्या किंवा लाळग्रंथीच्या अस्तराच्या काही पेशी मानेतल्या लसिका ग्रंथीत अडकतात आणि तिथे पुढे पिशवी बनते. वाद अजून पुरता मिटलेला नाही. रुग्णाच्या दृष्टीने त्यातून एवढं मात्र उलगडतं, की भिंतीतली ही ऊती घशाच्या संसर्गात सुजते आणि म्हणून गाठ सर्दीनंतर वर येते.

लहान मुलांत याच दोषाचं रूप वेगळं असतं. तिथे गाठीऐवजी बहुधा एक बारीक छिद्र दिसतं, मानेच्या खालच्या भागात, त्याच तिरक्या स्नायूच्या पुढच्या कडेवर. ते जन्मापासून असतं, बाळाला आंघोळ घालताना आजीला दिसतं, आणि त्यातून चिकट थेंब येतो. थायरोग्लॉसल गाठीचं भोक मध्यावर असतं आणि नंतर तयार होतं, हे बाजूला असतं आणि जन्मजात असतं. या एका फरकावरून दोन्ही वेगळी काढता येतात. छिद्रापासूनची वाट वर जाते, मेंदूला आणि चेहऱ्याला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांच्या फाट्यातून जाते आणि घशात टॉन्सिलजवळ उघडते. म्हणून इथे नुसतं छिद्र कापून टाके घालून चालत नाही. वर दुसरी आडवी चीर घेऊन ती सगळी नळी सोडवावी लागते. छिद्रं दोन्ही बाजूंना असतील, कानासमोरही बारीक खळगे असतील किंवा घरात आणखी कुणाला असं असेल, तर मुलाची श्रवणचाचणी आणि मूत्रपिंडांची सोनोग्राफी करून घेतात, कारण या तिन्हींना एकत्र बांधणारा एक आनुवंशिक आजार आहे.

त्या कॉलेजच्या मुलाकडे परत. जागेवरून ब्रँकियल सिस्टची शंका येते, पण बाजूच्या गाठीत जागा एवढी निर्णायक नसते. मध्यावरच्या गाठीला जिभेची खूण आहे, हिला तशी कुठलीच खूण नाही. मानेच्या त्या भागात लसिका ग्रंथींची दाट रांग आहे, आणि आपल्याकडे त्यातली टीबीची गाठ, जुन्या भाषेत गंडमाळ, हुबेहूब अशीच दिसू शकते. टीबीने ग्रंथीचा आतला भाग वितळतो आणि ती मऊ होते, तीही फारशी दुखत नाही आणि वरची त्वचा गरम नसते. फरक बाकीच्या तपशिलांत सापडतो. टीबीत बहुधा एकाऐवजी तीन-चार गाठी एकमेकींना चिकटलेल्या असतात, वाढ आठवड्यांत होते, काहींना संध्याकाळी बारीक ताप आणि वजनात घट असते. सोनोग्राफीत ब्रँकियल सिस्टची भिंत पातळ आणि गुळगुळीत दिसते. टीबीची भिंत जाड, ओबडधोबड, आणि शेजारच्या ग्रंथीही बिघडलेल्या असतात.

मग सुई लावून आतलं पाणी काढतात. हीच एफएनएसी. सुईने गाठ पसरेल, ही भीती अनेकांना असते, पण एवढ्या बारीक सुईने तसं होत नाही. या मुलाच्या गाठीतून फिकट पिवळा, किंचित गढूळ द्रव निघाला. त्यात कोलेस्टेरॉलचे चकचकीत कण आणि त्वचेसारख्या चपट्या पेशी होत्या. टीबीच्या जंतूंसाठी केलेली सीबीनॅट चाचणी निगेटिव्ह आली. द्रवाऐवजी घट्ट, दह्यासारखा पू निघाला असता तर रोख टीबीकडे वळला असता. काळपट तपकिरी द्रव निघाला असता तर डॉक्टरांनी थायरॉइडची सोनोग्राफी पुन्हा बारकाईने पाहिली असती, कारण पॅपिलरी थायरॉइड कॅन्सर तरुण वयातही मानेच्या बाजूच्या ग्रंथीत पसरून तिथे पाण्याची पिशवी बनवू शकतो. त्या द्रवात थायरोग्लोब्युलिन मोजलं की ते उघड होतं.

वय बदललं की हिशेबच बदलतो. हीच गाठ, याच जागी, याच आकाराची, पण माणूस पंचेचाळीस वर्षांचा. आता ‘ब्रँकियल सिस्ट’ हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं. चाळिशीनंतर मानेच्या बाजूला नव्याने आलेली पाण्याची गाठ ही टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळातल्या कॅन्सरची पसरलेली ग्रंथी आहे असं धरूनच तपास सुरू करतात आणि तसं नाही हे सिद्ध झाल्यावरच निःश्वास टाकतात. एचपीव्ही विषाणूशी संबंधित कॅन्सरच्या ग्रंथी आतून वितळून अगदी सिस्टसारख्या दिसतात, आणि मूळ जागा टॉन्सिलच्या घडीत इतकी लहान असू शकते की रुग्णाला घशात काहीच जाणवत नाही. तंबाखू, मिश्री, गुटखा खाणाऱ्याला तर ही शंका आणखी लवकर घ्यायची. एकदा सुईत कॅन्सरच्या पेशी मिळाल्या नाहीत म्हणून प्रकरण संपत नाही, कारण पाण्यात पेशी विरळ असतात. पुन्हा सुई, या वेळी गाठीच्या भिंतीतून, घशाची दुर्बिणीने तपासणी, सीटी किंवा एमआरआय, असं पुढे जावं लागतं. माझ्या मते या दोन गाठींबद्दल जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनी एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ती ही.

तरुण मुलाच्या बाबतीत सगळे रिपोर्ट एकाच दिशेने बोलत होते. सुईने पाणी काढल्यावर गाठ सपाट झाली आणि त्याला वाटलं, झालं काम. महिन्याभरात ती परत भरली. अस्तर तिथेच होतं. ऑपरेशनमध्ये जबड्याच्या कडेखाली दोन बोटं सोडून, मानेच्या वळीत आडवी चीर घेतली. ते अंतर मुद्दाम ठेवतात: खालच्या ओठाचा कोपरा हलवणारी बारीक शीर जबड्याच्या कडेलगत जाते आणि दुखावली तर हसताना ओठ वाकडा होतो. गाठीच्या मागे जिभेची शीर, खांदा उचलणारी शीर आणि मानेच्या मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे पिशवी न फोडता हळूहळू सोडवावी लागते. हायॉइडला हात लावायचं काही कारणच नव्हतं. आठवड्याभराने पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: चपट्या पेशींचं अस्तर, भोवती लसिका ऊती, कॅन्सर नाही, टीबी नाही. खालच्या ओठाचा डावा कोपरा काही आठवडे किंचित मागे राहत होता, कारण शीर ताणली गेली होती, तुटली नव्हती. तिसऱ्या महिन्यात तोही सरळ झाला.